खपली पडली म्हणजे जखम भरली असं नाही

*डॉक्टर, मी ४८ वर्षांचा आहे. २४ ऑक्टोबरला हेअर ट्रान्सप्लांट केलं, एफयूई पद्धतीचं, २४०० ग्राफ्ट. ३० नोव्हेंबरला मुलीचं लग्न आहे. बारा-तेरा वर्षं मी डाय लावतो. आता सगळं डोकं बारीक कापलेलं आहे आणि कानांवर, मागे पांढरं दिसायला लागलं आहे. आमचा सलूनवाला म्हणतो, खपल्या पडल्या की बिनधास्त लावा. क्लिनिकवाले म्हणतात, महिनाभर हात लावू नका. साडूंच्या मते सहा महिने विसराच. कुणाचं खरं? आणि अमोनिया नसलेला किंवा हर्बल डाय आधी लावला तर चालेल का? आज सतरावा दिवस आहे.*
*— एक वधूपिता, कोल्हापूर*

नमस्कार. आधी लेकीच्या लग्नाच्या शुभेच्छा.

तुम्हाला तीन आकडे सांगितले गेले, आणि मजा अशी की तिन्ही कुठून तरी खरेच आले आहेत. फक्त ते तीन वेगवेगळ्या प्रश्नांचे आहेत. म्हणून आधी त्यांची वाटणी करू.

सलूनवाल्याचा आकडा ग्राफ्टचा आहे. ग्राफ्ट म्हणजे मुळासकट काढलेला एक ते चार केसांचा पुंजका. तो नव्या जागी रोवल्यावर पहिले काही दिवस नुसता अडकून बसलेला असतो. खपली ओढली तर खपलीबरोबर तोही बाहेर येतो. साधारण नवव्या-दहाव्या दिवसानंतर तो असा निघत नाही. खपल्याही त्याच सुमारास, सात ते चौदा दिवसांत, गळून जातात. त्यामुळे 'खपल्या पडल्या, आता काळजी नाही' हे ग्राफ्ट उपटून येण्याबाबत बरोबर आहे. त्याचा डायशी काही संबंध नाही.

तुमच्या साडूंचा सहा महिन्यांचा आकडा बहुधा दुसरीकडून आला आहे. केमोथेरपी झालेल्यांना डाय लावण्याआधी सहसा सहा महिने थांबायला सांगतात, आणि तो सल्ला हळूहळू डोक्याच्या सगळ्याच उपचारांना चिकटला असावा. ट्रान्सप्लांटला तो लागू नाही.

क्लिनिकचा महिना मात्र कातडीचा आहे, आणि डायचा सगळा मामला कातडीचाच आहे. केसाचा जो भाग आपल्याला दिसतो तो निर्जीव असतो. त्याला काळं करा, तपकिरी करा, त्याला काही कळत नाही. जिवंत मूळ चार-पाच मिलिमीटर खाली असतं आणि धड कातडीवर लावलेला डाय तिथपर्यंत पोचून त्याला मारून टाकत नाही. 'डायने लावलेले केस जळतात' ही भीती तुम्ही मनातून काढून टाका. भीती आहे ती वेगळ्या गोष्टीची.

थोडा हिशोब करू. २४०० ग्राफ्ट म्हणजे मागच्या बाजूला मिलिमीटरभर रुंदीची २४०० भोकं, आणि पुढे ते रोवायला केलेल्या तेवढ्याच बारीक चिरा. एकूण ४८०० जखमा. एकेक जखम किरकोळ आहे, सुईच्या टोचणीपेक्षा थोडी मोठी. पण सगळ्या एकाच डोक्यावर आहेत. बहुतेक लोक पुढच्या बाजूला जिवापाड जपतात आणि मागची बाजू विसरतात, कारण ती दिसत नाही आणि 'तिथून तर केस काढलेत, लावले कुठे?' असं त्यांना वाटतं. डायला पुढचं-मागचं कळत नाही. त्याला उघडी जागा कळते.

या जखमांचं तोंड आठवड्याभरात मिटतं. वर एक पातळ पापुद्रा येतो, खपली सुटते, हात फिरवला तर गुळगुळीत लागतं. पण आपल्या कातडीचा सगळ्यात वरचा जो कोरडा, घट्ट थर असतो, जो बाहेरचं बाहेर ठेवतो, तो या नव्या पापुद्र्यावर अजून कच्चा असतो. नव्या सारवलेल्या भिंतीसारखं आहे ते. हात लावला तर कोरडी वाटते, पाणी टाकलं तर आत ओढून घेते. हा थर नीट तयार व्हायला आणखी दोन-तीन आठवडे जातात. महिन्याचा हिशोब येतो तो इथून.

आता या कच्च्या थरावर काय पडतं ते बघा. काळ्या आणि गडद तपकिरी डायमध्ये बहुधा पीपीडी असतं, पूर्ण नाव पॅरा-फेनिलीनडायअमीन. केस काळे होतात ते याच्यामुळे. आणि ॲलर्जी होते तीही याच्यामुळे. ही ॲलर्जी लगेच उठणारी नाही. शरीर आधी त्या पदार्थाची ओळख करून घेतं, लक्षात ठेवतं, आणि पुढच्या वेळी दोन-तीन दिवसांनी उसळतं. एकदा शरीराने असं लक्षात ठेवलं की ते सहसा जन्मभर विसरत नाही. धड कातडीतून पीपीडी थोडंच आत जातं. कच्च्या कातडीतून जास्त जातं. म्हणजे तुम्ही बारा-तेरा वर्षं विनातक्रार जो डाय लावलात, त्याच्याशी शरीराचं वैर जडवण्यासाठी याहून वाईट मुहूर्त सापडणार नाही. 'मला कधीच काही झालं नाही' हे वाक्य मी माझ्या खोलीत दर महिन्याला ऐकते, आणि बहुतेक वेळा ज्याला आत्ताच काहीतरी झालंय त्याच्या तोंडून.

एका गृहस्थांचं सांगते, निवृत्त शिक्षक, पंचावन्नच्या आसपासचे. १८०० ग्राफ्ट. सोळाव्या दिवशी घरी वास्तुशांत होती. खपल्या पडल्या होत्या, म्हणून आदल्या संध्याकाळी नेहमीची पुडी वाटीत पाण्यात कालवली आणि बाईंनी जुन्या टूथब्रशने सगळ्या डोक्यावर लावून दिली. चाळीस मिनिटं ठेवली. मला पुढे त्यांनी सांगितलं, 'मॅडम, जरासुद्धा जळजळ झाली नाही हो.' त्यांना तेच खात्रीचं वाटलं होतं. खरं तर तीच धोक्याची खूण होती. ट्रान्सप्लांटमध्ये कातडीतल्या बारीक नसा तुटतात आणि डोकं कित्येक आठवडे, काहींचं काही महिने, बधिर असतं. एरवी डाय झोंबायला लागला की आपण उठून डोकं धुतो. त्यांचं डोकं झोंबलं असेलही, पण ती बातमी त्यांच्यापर्यंत पोचलीच नाही.

वास्तुशांत छान पार पडली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते माझ्याकडे आले तेव्हा कपाळ सुजून भुवयांवर उतरलं होतं आणि एक डोळा जवळजवळ मिटला होता. कानांमागून पिवळसर पाणी झिरपत होतं, मानेवर त्याचे ओघळ वाळले होते. मी त्यांना पुढे वाकायला सांगितलं आणि डोक्याची मागची बाजू पाहिली. कातडी लाल, आणि त्या लालीवर सगळीकडे काळे ठिपके, मोहरी सांडावी तसे. प्रत्येक ठिपका म्हणजे ग्राफ्ट काढल्याचं एकेक भोक. वरून मिटलेलं दिसत होतं, पण रंग आत उतरून बसला होता. कातडी भरली होती की नव्हती, हे त्या ठिपक्यांनी स्वच्छ दाखवलं.

त्यांना स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी करत द्याव्या लागल्या, मागे पू झाला म्हणून अँटिबायोटिक द्यावं लागलं, सलाइनच्या घड्या ठेवायला सांगितल्या. निवायला तीन आठवडे गेले. गोळ्या संपून बरेच दिवस झाल्यावर मी पाठीवर पॅच टेस्ट केली. स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असताना केली तर ती टेस्ट खोटी कोरी येऊ शकते, म्हणून थांबावं लागतं. अठ्ठेचाळीस तासांनी पट्टी काढली तेव्हा पीपीडीच्या जागी लाली होती, चौथ्या दिवशी तिथे बारीक फोड होते. आता त्यांना पीपीडी असलेला कुठलाही डाय कधीच लावता येणार नाही. लावलेले केस नऊ-दहा महिन्यांनी चांगले आले, पुढे उजवीकडे तीन बोटं जागा मात्र विरळ राहिली. ती डायमुळे, पू झाल्यामुळे की आणखी कशाने, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही, आणि त्यांनाही तसंच सांगितलं.

म्हणून माझं म्हणणं: महिना ही कमीत कमी मुदत आहे. अठ्ठाविसावा दिवस उजाडला म्हणून डोकं आपोआप तयार होत नाही. दिवस मोजायचेच, पण शेवटी हो म्हणायचं ते कातडीने.

ते विचारायचं कसं, ते सांगते. सकाळच्या उजेडात खिडकीशी बसा आणि घरच्या कुणाला तरी मोबाइलवर डोक्याचे जवळून फोटो काढायला सांगा, पुढचे आणि मागचे दोन्ही. एकही खपली, ओली जागा, पुळी किंवा चिकटपणा दिसता कामा नये. फिकट गुलाबी रंग थोडा राहू शकतो, काहींचा दोन-तीन महिने राहतो, त्याची एवढी चिंता नाही. पण लालभडक, गरम लागणारी जागा असेल तर नाही म्हणजे नाही. दुसरं, नेहमीचा साधा शॅम्पू लावल्यावर कुठेही चुरचुरता कामा नये. आणि तिसरं, डोळे मिटून बसा आणि कुणाला तरी देवघरातली एक फुलवात घेऊन डोक्यावर ठिकठिकाणी अलगद टेकवायला सांगा. वात टेकली की 'लागली' म्हणा. जिथे टेकूनही तुम्हाला कळलं नाही, ती जागा अजून बधिर आहे, आणि तिथे डाय लावायचा नाही, मग महिना झालेला असो की दोन.

ही शेवटची परीक्षा लोक सोडून देतात, कारण बधिरपणाचा काही त्रास होत नाही. तुम्ही सोडू नका.

मधुमेहाबद्दल तुम्ही काही लिहिलेलं नाही. तो असेल आणि साखर आटोक्यात नसेल, किंवा तुम्ही सिगरेट-बिडी ओढत असाल, तर जखमा सावकाश भरतात. अशा वेळी महिन्यावर निदान पंधरा दिवस आणखी धरा, आणि मग ३० तारखेच्या आत डाय बसत नाही हे सरळ मान्य करा. क्लिनिकने दिलेल्या कागदावर महिन्यापेक्षा जास्त मुदत लिहिली असेल तर तीच पाळा. तुमचं डोकं त्यांनी उघडून पाहिलं आहे, मी नाही.

तुमच्या तारखा आता मांडू. ३० नोव्हेंबर हा सदतिसावा दिवस येतो. म्हणजे सगळं सुरळीत असेल तर जागा आहे, पण थोडीच. आणि ती नीट वापरायची तर लग्नाच्या आदल्या दिवशी डाय लावायचा विचार पहिला सोडा. ॲलर्जी दोन-तीन दिवसांनी उठते. २९ तारखेला लावलेला डाय ऐन अक्षतांच्या वेळी डोळे सुजवू शकतो. मी तुमच्या जागी असते तर असं केलं असतं.

१९ तारखेला, म्हणजे सव्विसाव्या दिवशी, जो डाय लावायचा तोच डबा आणायचा, त्यातला चिंचोक्याएवढा डाय सूचनेप्रमाणे कालवायचा आणि कोपराच्या आतल्या बाजूला लावून वाळू द्यायचा. हे हातावर आहे, डोक्यावर नाही, त्यामुळे महिना व्हायच्या आत केलं तरी चालतं. कानामागे लावायला सांगतात, पण तुमच्या कानामागून ग्राफ्ट काढले असण्याची शक्यता आहे, म्हणून कोपरच बरा. दोन दिवस ती जागा धुवायची नाही. त्यानंतर धुतली तरी २३ तारखेपर्यंत रोज बघत राहायची. काळा डाग राहील, त्याला महत्त्व नाही. खाज, लाली, सूज, बारीक पुरळ यांतलं काही आलं तर हा डाय तुमच्यासाठी संपला, दुसऱ्या नावाचा काळा डायही संपला. काही आलं नाही तर २४ तारखेला, एकतिसाव्या दिवशी, खिडकीपाशी बसून वर सांगितलेली पाहणी करायची. तिन्हींत पास झालात तर त्या दिवशी लावायचा. सहा दिवस हातात राहतात.

पण लावायचा कुठे, हा खरा प्रश्न आहे, आणि इथे तुम्हाला एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, नाहीतर तुम्ही घाबराल. रोवलेले केस दुसऱ्या ते सहाव्या आठवड्यात गळतात. मूळ आत शाबूत राहतं, वरचा केस पडतो. तुमच्या उशीवर, टॉवेलवर आता बारीक केस दिसायला लागले असतील, नसतील तर लागतील. हे अपेक्षित आहे, ट्रान्सप्लांट फुकट गेलं असं नाही. नवे केस साधारण तिसऱ्या-चौथ्या महिन्यात डोकं वर काढतात आणि पूर्ण रूप यायला वर्ष लागतं. म्हणजे लग्नाच्या दिवशी पुढच्या बाजूला काळं करायला फारसं काही असणारच नाही. जिथे रंगवायला केस नाहीत तिथे नुसत्या कातडीला डाय पाजण्यात काय हशील? पुढची बाजू या वेळी पूर्ण सोडा.

राहिल्या बाजू आणि मागचा भाग. केस महिन्याला साधारण सेंटीमीटर-सव्वा सेंटीमीटर वाढतात, तेव्हा २४ तारखेला तिथे तेवढेच असतील. लांब केसांना मुळापासून बोटभर सोडून डाय लावता येतो, एवढ्या आखूड केसांना तसा लावता येत नाही. तो कातडीला लागणारच. म्हणूनच मी त्या फुलवातीवर इतका जोर देते आहे. मागची बाजू बधिर असेल आणि कानावरचे कल्ले जागे असतील, तर फक्त कल्ले रंगवा. फोटोत समोरून दिसतात ते कल्लेच.

रंग गडद काळा घेऊ नका, तपकिरी घ्या. एक तर गडद शेडमध्ये पीपीडी सहसा जास्त असतं, आणि दुसरं म्हणजे सेंटीमीटरभर केसांवर काळाकुट्ट डाय टोपी घातल्यासारखा दिसतो. पुढची बाजू जिथे सुरू होते त्या कडेने व्हॅसलिनचा जाड पट्टा ओढा, म्हणजे डाय ओघळून तिकडे जाणार नाही. ब्रश नवा आणि मऊ घ्या. डब्यावर जेवढी मिनिटं लिहिली असतील त्याहून एक मिनिटही जास्त नाही. रंग चढला नाही म्हणून ठेवून द्यायचा नाही. धुताना शॉवर नको, कोमट पाणी तांब्याने ओता, नखं लावू नका, ड्रायर नको. केस वाढवायला डोक्याला लावतात ते मिनॉक्सिडिल सुरू केलं असेल तर आदल्या दिवशी आणि त्या दिवशी ते बंद ठेवा, दोन्ही मिळून कातडीला फार होतं.

धुतल्यावर खाज वाढत गेली, पाणी झिरपलं, पापण्या जड झाल्या तर घरी हळद-खोबरेल करत बसू नका, त्याच दिवशी त्वचेच्या डॉक्टरांकडे जा. श्वास लागला किंवा ओठ, जीभ सुजली तर थेट दवाखान्याच्या इमर्जन्सीत.

आता अमोनियाचं. डब्यावर 'अमोनियामुक्त' लिहिलेलं असलं तर त्याचा अर्थ तेवढाच आहे. अमोनिया केसाचं वरचं आवरण उघडायला घालतात, आणि तो उग्र वास त्याचाच. त्याच्या जागी दुसरा, कमी वासाचा पदार्थ घातला जातो. पीपीडी असायचं तिथेच असतं. डबा उलटा करून घटकांची बारीक यादी वाचा. त्यात फेनिलीनडायअमीन हा शब्द दिसला तर वर मी जे काही लिहिलं ते सगळं त्या डब्याला लागू आहे. 'हर्बल' शब्दाचंही तसंच. मला दाखवायला आणलेल्या कित्येक हर्बल पुड्यांवर भृंगराज, आवळा, मेंदी यांची चित्रं पुढे आणि पीपीडी मागे असतं.

खरी मेंदी केस काळे करत नाही. पांढऱ्या केसांवर तिचा नारिंगी-तांबडा रंग येतो आणि त्याला तास दोन तास लागतात. 'काळी मेंदी' म्हणून विकली जाणारी जी गोष्ट अर्ध्या तासात केस काळेभोर करते, ती मेंदीच्या पुडीतला डाय आहे. आणि खरी मेंदी? तिच्यात पीपीडी नाही, म्हणून ती आज लावता येईल का? नाही. लोखंडी कढईत चहाच्या पाण्यात, लिंबू-दही घालून रात्रभर भिजवलेला तो लगदा बंद कातडीसाठी ठीक आहे. कच्च्या जखमांवर आपण रात्रभर आंबवलेली कुठलीही गोष्ट लावत नाही. शिवाय ती वाळून कडक होते आणि काढताना खरवडावी लागते. मेंदीलाही तोच महिना.

मिशी रंगवायला मात्र काही हरकत नाही, फक्त कोपरावरची चाचणी झालेली हवी आणि ग्राफ्टसाठी दाढीचे केस काढलेले नकोत. बऱ्याच जणांच्या बाबतीत केवळ मिशी आणि कल्ले नीट केले की फोटोतला माणूस तरुण दिसतो.

फेब्रुवारीच्या आसपास पुढचे नवे केस येतील. तेव्हा काही जणांना त्याच जागी तांदळाच्या कणीएवढ्या पुळ्या येतात, केस बाहेर पडताना वाटेत अडकला म्हणून. त्या असेपर्यंत पुढच्या बाजूला डाय लावू नका. त्या बसून आठवडा झाला की लावा. आणि ते केस काळेच येतील असं धरून चालू नका. ते मागून आणलेले आहेत, मागे पांढरे होते ते पुढेही पांढरेच येणार.

याच सदरात ज्यांनी इतर उपचारांबद्दल विचारलं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात. पट्टी कापून टाके घालण्याच्या पद्धतीत टाके दहा-चौदा दिवसांनी निघतात, तिथे महिना मोजायचा तो टाके निघाल्या दिवसापासून. डोक्याला खोक पडून टाके पडले असतील तरी तसंच. पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातून वेगळा काढलेला द्रव डोक्यात टोचतात, त्याच्या नुसत्या सुया असतात, त्याला मी एक आठवडा सांगते. केमोथेरपीनंतर सहा महिने, आणि तेही तुमच्या कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारून. आणि ज्यांचं ट्रान्सप्लांट अजून व्हायचं आहे त्यांनी डाय आधीच, शस्त्रक्रियेच्या चार-पाच दिवस अलीकडे लावून घ्या. पांढरा केस काढताना नीट दिसत नाही, त्यामुळे बरेच सर्जन स्वतःच तसं सांगतात. तुम्हाला कुणी हे ऑक्टोबरमध्ये सांगितलं असतं तर हे पत्र लिहावं लागलं नसतं, याचं मला खरंच वाईट वाटतं.

तिन्ही परीक्षांत नापास झालात तरी तुमच्याकडे उपाय आहे. तुम्ही कोल्हापूरचे आहात आणि वधूपिता आहात. फेटा तुमच्या हक्काचा. सदतिसाव्या दिवशी ग्राफ्ट पक्के बसलेले असतात, फेट्याने ते हलत नाहीत. बांधणाऱ्याला मात्र आधी गाठून सांगून ठेवा की डोक्याचं ऑपरेशन झालंय, कपाळावर आवळू नको, आणि आत टाचणी लावू नको. खाली धुतलेल्या मऊ मलमलची एक घडी घ्या म्हणजे घाम तिथे जिरेल. दर दोन तासांनी आत जाऊन दहा मिनिटं फेटा उतरवून ठेवा. आणि २९ तारखेला हळदीत कुणी हौसेने तुमच्या डोक्याला हळद फासायला आलं, तर गाल पुढे करा.